स्थायू कुठे जातात? चुनखडीच्या समतोलावरचे काही प्रश्न

बंद भांड्यात कॅल्शिअम कार्बोनेट तापवला, की समीकरणात तीन पदार्थ असतात. तरी सर फक्त Kp = p(CO₂) लिहितात. बाकीचे दोन सोडून देतात म्हणजे ते शून्य धरतात का?

शून्य नाही, 1 धरतात. शून्य धरलं असतं तर अख्खं सूत्रच कोसळलं असतं.

अभिक्रिया अशी आहे:

CaCO₃(s) ⇌ CaO(s) + CO₂(g)

स्थायूंना हट्टाने सूत्रात ठेवायचं म्हटलं तर त्यांची संहती लिहावी लागेल. बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. 10 लिटरच्या भांड्यात 10 ग्रॅम कार्बोनेट, म्हणजे 0.1 मोल, म्हणून संहती 0.01 मोल प्रति लिटर, असा हिशोब मांडला जातो. पण कार्बोनेट भांडंभर पसरलेला नाही, तो तळाशी ढीग करून बसलाय. त्याची संहती त्याच्या स्वतःच्या आकारमानात मोजायची. घनता 2.71 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आणि रेणुभार 100, म्हणजे एक लिटर सलग कार्बोनेटमध्ये साधारण 27 मोल. एक चिमूट घ्या नाहीतर पोतंभर घ्या, आकडा 27 च. कळीच्या चुन्याची, म्हणजे CaO ची, घनता 3.34 आणि रेणुभार 56, त्यामुळे तिथे सुमारे 60 मोल प्रति लिटर. हाही हलत नाही.

आता पूर्ण सूत्र लिहा: [CaO][CO₂] / [CaCO₃]. यात 60 आणि 27 हे ठरलेले आकडे आहेत, बदलू शकतो तो फक्त [CO₂]. ठरलेले आकडे स्थिरांकाच्या पोटात ढकलले की उरतं ते Kc = [CO₂], आणि दाबाच्या भाषेत Kp = p(CO₂). काटेकोर भाषेत प्रत्येक पदार्थाची सक्रियता लिहितात. ती त्या पदार्थाच्या शुद्ध रूपाशी तुलना करून मोजतात, आणि शुद्ध स्थायू हा स्वतःच्या शुद्ध रूपासारखाच असल्याने त्याची सक्रियता 1 येते.

पण चुनखडी बारीक कुटली तर पृष्ठभाग वाढतो आणि ती भराभर सुटते. मग दाब वाढायला नको का?

वेग वाढेल, दाब नाही. कार्बोनेट फुटतो तो कार्बोनेट आणि चुना जिथे एकमेकांना भिडतात त्या सीमेवर, आणि CO₂ परत चुन्यात शिरून कार्बोनेट होतो तोही त्याच सीमेवर. कुटून ती सीमा दहापट केली तर जाणारे दहापट आणि येणारेही दहापट. समतोलाला लागणारा वेळ कमी होतो, समतोलाची जागा सरकत नाही.

येणंजाणं खरोखर चालू असतं हे तपासताही येतं. समतोल झालेल्या भांड्यात कार्बन-14 असलेला थोडा CO₂ मिसळला, दाब आधीइतकाच ठेवला, आणि काही काळाने तळाचा स्थायू तपासला, तर त्या कार्बोनेटमध्ये कार्बन-14 सापडतो. दाबमापकाचा काटा मात्र जागचा हललेला नसतो.

800 अंश सेल्सिअसला Kp 0.22 ॲटमॉस्फिअर घेतला. 10 लिटरच्या रिकाम्या भांड्यात 2 ग्रॅम CaCO₃ टाकल्यावर दाब 0.22 यायला हवा, पण माझं उत्तर 0.18 येतं. चूक कुठे?

चूक नाही. तुमच्या भांड्यात समतोलच झालेला नाही.

आधी 0.22 ॲटमॉस्फिअर दाब करायला किती वायू लागतो ते काढा. 800 अंश सेल्सिअस म्हणजे 1073 केल्विन.

n = pV/RT = (0.22 × 10) / (0.0821 × 1073) ≈ 0.025 मोल

इतका वायू यायला 0.025 मोल, म्हणजे 2.5 ग्रॅम कार्बोनेट फुटायला हवा. तुमच्याकडे दोनच ग्रॅम होता. तो सगळा फुटला, 0.02 मोल CO₂ आला, दाब 0.18 ला थांबला आणि तळाशी नुसता चुना उरला. परतीची अभिक्रिया चालायची तर 0.22 पेक्षा जास्त दाब हवा, आणि पुढे जायला कार्बोनेट शिल्लक नाही. सगळं शांत आहे, पण ही शांतता समतोलाची नाही, माल संपल्याची आहे.

त्याच भांड्यात 5 ग्रॅम टाका. 2.5 ग्रॅम फुटेल, 2.5 ग्रॅम उरेल, दाब 0.22. दहा ग्रॅम टाका, तरी 2.5 ग्रॅमच फुटेल, साडेसात उरेल, दाब तोच. म्हणून ‘किती टक्के विघटन झालं’ या प्रश्नाला इथे स्वतःचा असा अर्थ नाही. पाच ग्रॅमला पन्नास टक्के, दहा ग्रॅमला पंचवीस टक्के, आणि तापमान तर एकच. भांडं 20 लिटरचं असेल तर 5 ग्रॅम फुटतो, म्हणजे आपला पाच ग्रॅमचा नमुना तिथे जेमतेम संपतो.

म्हणून असं गणित सोडवताना पहिलं काम हे: दाब भरायला लागणारा कार्बोनेट काढा आणि टाकलेल्या कार्बोनेटशी तुलना करा. Kp थेट लिहून मोकळं होणं इथे धोक्याचं आहे. स्थायू सूत्रातून जातात, भांड्यातून गेलेले चालत नाहीत. दोन्ही स्थायू थोडे का होईना, हजर हवेत.

आणखी एक सावधगिरी. हे वजन भांडं थंड करून तपासू नका. तापमान उतरलं की Kp झपाट्याने घसरतो, आणि बंद भांड्यातला CO₂ निवताना परत चुन्यात शिरतो. थंड झाल्यावर तराजूवर ठेवलेला स्थायू 800 अंशांची अवस्था सांगत नाही. दाब तापलेल्या भांड्यावरच वाचायचा.

त्याच भांड्यात वरून CO₂ सोडला तर दाब वाढणारच ना? आणि आर्गॉन सोडला तर?

सोडताना क्षणभर वाढेल, मग चुना तो खाऊन टाकेल. दहा ग्रॅमचं वरचं उदाहरणच घ्या. त्यात 0.025 मोल चुना तयार झालेला आहे. आणखी 0.01 मोल CO₂ सोडला तर 0.01 मोल चुना परत कार्बोनेट होईल, कार्बोनेटचं वजन एक ग्रॅमने वाढेल, आणि दाब पुन्हा 0.22.

पण 0.04 मोल सोडला तर? चुना फक्त 0.025 मोल CO₂ घेऊ शकतो. तो संपल्यावर आधीचा 0.025 मोल आणि घुसवलेल्यातला उरलेला 0.015 मोल मिळून 0.04 मोल वायू राहतो, त्याचा दाब सुमारे 0.35 ॲटमॉस्फिअर. आता भांड्यात कार्बोनेट आहे, वायू आहे, चुना नाही. म्हणजे पुन्हा समतोल नाही, फक्त या वेळी विरुद्ध टोकाला.

आर्गॉनचं उत्तर सोपं. भांड्याचं आकारमान तेच असेल तर CO₂ चा आंशिक दाब बदलत नाही, म्हणून काहीच होत नाही. एकूण दाब स्थिर ठेवून भांडं फुगू दिलं तर CO₂ विरळ होतो आणि आणखी कार्बोनेट फुटतो.

पुस्तकात विघटनाचं तापमान 900 अंशांच्या आसपास दिलंय. आमच्या उष्मातराजूवर नायट्रोजनच्या प्रवाहात 700 लाच वजन घटताना दिसतं. कोण बरोबर?

दोघंही. 900 अंशांच्या आसपास समतोल दाब एक ॲटमॉस्फिअर होतो, म्हणजे शुद्ध CO₂ च्या वातावरणातही कार्बोनेट टिकत नाही. ‘विघटनाचं तापमान’ म्हणून छापलेला आकडा हा असतो. 700 अंशांना समतोल दाब जेमतेम 0.03 ॲटमॉस्फिअर आहे, पण नायट्रोजनचा प्रवाह सुटलेला CO₂ लगेच वाहून नेतो. दाब 0.03 पर्यंत साठतच नाही, समतोल येतच नाही, आणि अभिक्रिया एकाच दिशेने चालत राहते. साध्या हवेत CO₂ सुमारे 0.0004 ॲटमॉस्फिअर असतो, त्यामुळे हिशोबाने 530 अंशांच्या जवळपासच विघटनाला वाट मोकळी होते. प्रत्यक्षात तिथे ते इतकं संथ असतं की आलेखात दिसत नाही.

एकाच नमुन्याचे आलेख जुळत नसतील तर मूषा तपासा. खोल मूषेत जाड थर असेल तर तळाच्या कणांभोवती CO₂ अडकतो. नायट्रोजन वरून वाहत असला तरी खालचे कण जवळजवळ CO₂ मध्येच बसलेले असतात आणि उशिरा फुटतात. शिवाय अभिक्रिया दर मोलला सुमारे 178 किलोज्यूल उष्णता शोषते, म्हणून नमुना स्वतः तापमापकाच्या आकड्यापेक्षा थंड राहतो. नमुना 50 मिलिग्रॅमवरून 10 मिलिग्रॅमवर आणा आणि उथळ मूषेत पसरून ठेवा. आलेख कमी तापमानाकडे सरकला तर दोष या दोहोंपैकी एकाचा होता, नमुन्याचा नाही. एकूण घट मात्र शुद्ध कार्बोनेटला 44 टक्केच यायला हवी. कमी आली तर एकतर विघटन अर्धवट राहिलं किंवा नमुन्यात न फुटणारा माल मिसळलेला आहे.

स्थायूची सक्रियता 1 हे कायम खरं आहे का?

‘शुद्ध’ हा शब्द खरा असेपर्यंत, आणि दाब अवाढव्य नसेपर्यंत.

दाबाची भीती बाळगू नका. स्थायूवर एक ॲटमॉस्फिअर दाब वाढवल्याने 800 अंशांना कार्बोनेटची सक्रियता फक्त 0.04 टक्के वाढते. शंभर ॲटमॉस्फिअरलाही चारेक टक्केच.

शुद्धतेचं मात्र तसं नाही. चुनखडीत वाळू, म्हणजे सिलिका असेल तर तापल्यावर चुना तिच्याशी जोडला जाऊन कॅल्शिअम सिलिकेट होतं. आता मोकळा CaO उरत नाही, त्याची सक्रियता 1 च्या खाली जाते. पूर्ण सूत्र परत बाहेर काढावं लागतं:

Kp = p(CO₂) × a(CaO) / a(CaCO₃)

a(CaO) निम्मी झाली तर त्याच तापमानाला समतोल दाब 0.22 ऐवजी 0.44. म्हणजे वाळू मिसळलेली चुनखडी शुद्ध चुनखडीपेक्षा कमी तापमानाला CO₂ सोडू शकते. उलट बाजूने, कार्बोनेटच्या स्फटिकातच दुसरा कार्बोनेट विरघळलेला असेल तर a(CaCO₃) घटते आणि दाब खाली येतो. पण अशुद्धी नुसती बाजूला पडून असेल, चुन्याशी किंवा कार्बोनेटशी एकजीव होत नसेल, तर ती कितीही असो, सक्रियता 1 च राहते. नमुन्यात काय मिसळलंय यापेक्षा ते कशात विरघळलंय किंवा कशाशी जोडलं गेलंय हे इथे पाहायचं.