«बघते गं, जमवते» म्हणणाऱ्यांचं पान धरायचं की नाही?

«बाबांची पंचाहत्तरी रविवारी दुपारी आहे. केटररला गुरुवारी पानांचा आकडा द्यायचाय. साठ जणांना बोलावलंय, त्यांतले अकरा जण ‹बघते, प्रयत्न करतो› म्हणालेत. पुन्हा विचारलं तर मागे लागल्यासारखं वाटेल का? त्यात आत्याही आहे. – ठाण्याची वाचक»

ताई, बिनधास्त विचारा. आपल्याकडे शुभकार्याच्या आमंत्रणाला तोंडावर ‹नाही› म्हणणं जड जातं, म्हणून माणसं ‹बघते› म्हणतात. त्या अकरांतल्या निम्म्याजणांचं ‹नाही› आधीच ठरलेलं असेल, फक्त ते बोलायची सोय तुम्ही करून द्यायला हवी.

ग्रुपवर मेसेज टाकू नका. तिथे आणखी चार अंगठे येतील आणि आकडा तिथेच राहील. एकेकाला फोन करा आणि कारण आधी सांगा: «मावशी, गुरुवारी संध्याकाळी केटररला पानं सांगायची आहेत. नाही जमलं तरी मी मनात काही धरणार नाही, बाबांना घेऊन नंतर तुमच्याकडे येईन. तुमचं पान धरू का? दोघांचं की एकटीचं?» शेवटचा प्रश्न विसरू नका, घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो. मावशी ‹हो› म्हणतात आणि येतात चौघं.

तरीही «बघते गं» आलं, तर «कशावर अडलंय?» एवढंच विचारा. रजेवर अडलं असेल तर साहेब कधी सांगणार ते कळेल, बुधवारी परत फोन करा. तिकीट वेटिंगवर असेल तर मात्र गुरुवारी त्यांनाही सांगता येणार नाही. चार्ट लागतो तो गाडी सुटायच्या काही तास आधी. अशा माणसाला पुन्हा पुन्हा विचारून काय उपयोग? त्याचं पान धरायचं की नाही, हे तुम्हीच ठरवा.

आणि कारणच सांगत नसतील, तर नम्रपणे सांगून टाका: «मग मी सध्या धरत नाही, गुरुवारपर्यंत ठरलं तर कळवा.» हे आधी सांगितलेलं असलं की नंतर कुणाला रुसायला जागा राहत नाही.

आत्याला यातलं काही लावू नका. बाबांची सख्खी बहीण आहे, तिचं पान न विचारता धरा. ती आली नाही तर एका ताटाचे पैसे जातील, पण ती आली आणि ताट कमी पडलं तर बाबांना लागेल.

आकडा देताना केटररला विचारा, वर किती पानं ओढता येतील आणि जास्तीच्या पानाचे पैसे कसे लावणार. आमटी-भात थोडा वाढवता येतो. जिलबी आणि अळूवडी मोजून येते, त्यामुळे आयत्या वेळी आलेल्यांची पंचाईत तिथेच होते. या दोन पदार्थांचे पाच-सहा जणांपुरते नग जास्त सांगून ठेवा.