मांजर येईल म्हणून, मांजर येऊ नये म्हणून

प्रश्न: मी फ्रेंच शिकते आहे. 'भिजू नये म्हणून मी छत्री घेतली' हे मी 'पूर क' घालून लिहिलं, तर बाईंनी 'क' आणि पुढचं सगळं खोडलं. 'द पर क'च्या एका वाक्यात 'न' होता, पण अर्थ नकाराचा नाही म्हणाल्या. पूर क, आफँ द, द पर क, केव्हा काय? आणि सबजंक्टिव्ह केव्हा?

फ्रेंच वाक्यं मी ऐकू येतात तशी देवनागरीत लिहितो आहे. 'पर'मधला 'प' ओठ गोल करून म्हणा, म्हणजे भीतीचा 'पर' होईल.

आधी छत्री. बाईंचं बरोबर आहे, आणि चूक तुमच्या मराठीतून आली आहे. आपला 'म्हणून' कर्ता कोण हे विचारतच नाही. 'मला समजावं म्हणून मी पत्र पुन्हा वाचतो' आणि 'तुला समजावं म्हणून मी पत्र पुन्हा वाचतो', दोन्हीकडे तोच 'म्हणून' चालतो. फ्रेंचला मात्र ही चौकशी करायचीच असते. वाचणारा आणि समजून घेणारा एकच असेल तर 'झ रली ला लेत्र पूर कोंप्राँद्र', म्हणजे 'पूर'पुढे क्रियापदाचं मूळ रूप. समजायचं दुसऱ्याला असेल तर 'झ रली ला लेत्र पूर क त्यू कोंप्रेन'. दुसरा माणूस वाक्यात आला की 'क' आला, आणि 'क'च्या मागोमाग सबजंक्टिव्ह.

छत्री घेणाऱ्या तुम्ही आणि न भिजणाऱ्याही तुम्हीच, तेव्हा: 'झे प्री ल पाराप्ल्वी पूर न पा म मुये'. इथे 'न' आणि 'पा' क्रियापदाच्या दोन बाजूंना न जाता दोघं मिळून आधी बसले आहेत. मूळ रूपाला नकार द्यायचा तर असंच करायचं. छत्री मुलासाठी घेतली असती तर मात्र 'पूर क' लागलं असतं.

तुमच्या यादीत थोडी सरमिसळ झाली आहे. 'आफँ द' आणि 'आफँ क' अशी ती जोडी आहे, तशीच 'द पर द' आणि 'द पर क' ही. शेपूट 'द' असेल तर मूळ रूप, 'क' असेल तर सबजंक्टिव्ह. फक्त 'पूर'ला मूळ रूपाआधी 'द' लागत नाही. 'आफँ'चा अर्थ 'पूर'चाच, पण जरा इस्त्री केलेला: अर्जात, कार्यालयीन पत्रात शोभतो. भाजी आणायला निघालेला माणूस 'आफँ द' म्हणाला तर 'भाजीखरेदीच्या उद्देशाने' म्हटल्यासारखं वाटेल.

आता सबजंक्टिव्ह. वर्गात हा राक्षस म्हणून उभा करतात, पण आपल्या घरात तो आहेच. 'मुलांना कळलं म्हणून मी थांबलो' आणि 'मुलांना कळावं म्हणून मी थांबलो', या दोन वाक्यांत 'म्हणून' एकच आहे. पहिल्यात कारण आहे, घडून गेलेलं. दुसऱ्यात हेतू आहे. कळलं की नाही, वाक्य सांगत नाही. सगळा फरक 'कळलं' आणि 'कळावं' यांत. तो 'कळावं' म्हणजे फ्रेंचचा सबजंक्टिव्ह, निदान हेतूच्या वाक्यांपुरता तरी. फ्रेंचमध्ये आपल्या 'म्हणून'सारखा दोन्हीकडे चालणारा शब्द आहे 'द सॉर्त क'. त्याच्यापुढे 'तु ल मोंद आ कोंप्री' आलं तर 'त्यामुळे सगळ्यांना समजलं'. 'तु ल मोंद कोंप्रेन' आलं तर 'सगळ्यांना समजावं अशा रीतीने'. 'पूर क'ला ही निवड नाही, कारण तो हेतूशिवाय दुसरं काही सांगतच नाही. म्हणून त्याच्यापुढे सबजंक्टिव्ह कायमचा.

मुख्य क्रियापद भूतकाळी असलं तरी आजच्या फ्रेंचमध्ये वर्तमानकाळी सबजंक्टिव्हच ठेवतात. आपणही 'कळावं म्हणून सांगतो' आणि 'कळावं म्हणून सांगितलं' म्हणताना 'कळावं'ला हात लावत नाही. जुन्या कादंबऱ्यांत भूतकाळी सबजंक्टिव्ह दिसेल. ओळखा आणि पुढे चला.

एक अडचण खरी आहे. बहुतेक क्रियापदांत ही रूपं कानाला वेगळी लागत नाहीत. 'बोलतो' आणि 'बोलावं', दोन्ही 'पार्ल'च. त्यामुळे आपण चुकतोय हे ऐकून कळतच नाही. मी वाक्य तपासताना मनातल्या मनात तिथे 'समजणे' घालून बघतो: 'त्यू कोंप्राँ' की 'त्यू कोंप्रेन'? दुसरं बसलं की सबजंक्टिव्ह.

आता तुमचा तो 'न'. मला यातलं सगळ्यात आवडतं कोडं हेच. आधी दोन मराठी वाक्यं मोठ्याने म्हणा: 'मांजर येईल म्हणून तिने खिडकी लावली.' 'मांजर येऊ नये म्हणून तिने खिडकी लावली.' एकात होकार, एकात नकार, आणि खिडकी दोन्हीकडे एकाच मांजरासाठी लागली! पहिल्यात भीती बोलते, दुसऱ्यात हेतू. फ्रेंचमध्ये पहिलं आहे 'द पर क ल शा न व्येन', दुसरं 'पूर क ल शा न व्येन पा'. खरा नकार 'पा'मध्ये आहे. 'द पर क'मधला एकटा 'न' हा मनातल्या 'येऊ नको रे बाबा'चा वाक्यात सांडलेला थेंब. लॅटिनमध्येही 'तो येईल अशी भीती वाटते' हे 'तिमेओ ने वेनिआत' असंच म्हणत, त्या 'ने'सकट.

हा 'न' गाळला तरी अर्थ बदलत नाही. बोलताना तो बहुधा गळतोच. लिहिताना ठेवला तर वाक्य जरा ठेवणीतलं दिसतं. पण भीतीच्या वाक्यात चुकून 'पा' घातलात तर गोष्ट उलटी होते: 'द पर क ल शा न व्येन पा' म्हणजे 'मांजर येणार नाही या भीतीने'. मग तिने खिडकी उघडायला हवी. आपण 'येऊ नये' मनात धरून भाषांतर करतो, त्यामुळे तो 'पा' आपोआप हातून पडतो. 'द पर क' लिहिताना मनात 'येईल म्हणून' धरा, 'पूर क' लिहिताना 'येऊ नये म्हणून'. आणि भिणारा स्वतःबद्दलच भीत असेल तर पुन्हा मूळ रूप: 'द पर द तोंबे', पडायच्या भीतीने.

फ्रान्समध्ये तुम्हाला 'पूर पा क ल शा व्येन' असंही ऐकू येईल, 'पा' उडी मारून पुढे आलेला. बोलण्यात सर्रास आहे. परीक्षेत लिहिलंत तर बाई पुन्हा खोडतील. आणखी एक ऐकू येईल: 'व्यँ क झ त दीज', 'ये, तुला सांगतो'. आज्ञार्थानंतर 'पूर' गेला, 'क' एकटा उरला. पण येणार तू, सांगणार मी, कर्ते दोन. म्हणून 'दी' नाही, 'दीज'.