७ बाय ८ च्या किचनमध्ये एल ओटा की पॅरलल? वर्क ट्रँगल खरंच बघावा लागतो का?

पॅरलल करा, पण समोरची बाजू बारीक ठेवा. आमचंही डोंबिवलीतलं किचन एवढंच आहे, आणि आधी एल होता म्हणून सांगतेय.

ट्रँगल म्हणजे सिंक, गॅस आणि फ्रिज यांच्यामधली तीन अंतरं. नियम असा की प्रत्येक अंतर ४ ते ९ फूट आणि तिन्हींची बेरीज १३ ते २६ फुटांच्या आत. हा १९४०च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात ठरला, तिथली किचनं मोठी, त्यामुळे आपल्याकडे बेरीज क्वचितच २६ च्या वर जाते. आमची गेली होती! कारण एलचा आखूड हात खिडकीखाली आल्यावर फ्रिजला जागाच उरली नाही, तो गेला हॉलमध्ये, आणि कोथिंबिरीसाठी गॅस बारीक करून हॉलपर्यंत फेऱ्या. शिवाय एलचा कोपरा फुकट जातो, खालच्या ट्रॉलीत टाकलेलं भांडं दिवाळीच्या साफसफाईलाच सापडतं.

आता ८ फुटांच्या भिंतीला सरळ २ फुटी ओटा आहे. खिडकीच्या टोकाला सिंक, मग साधारण २ फूट मोकळा ग्रॅनाइट, मग शेगडी, तिच्या पलीकडे दाराकडे सव्वा फूट, तिथे पोळपाट बसतो. समोरच्या भिंतीला दाराजवळ फ्रिज आणि पुढे खिडकीपर्यंत फक्त सव्वा फूट खोलीचा ओटा, मिक्सर आणि डबे त्यावर. टेपने मोजलं तर सिंक ते गॅस सव्वाचार फूट, गॅस ते फ्रिज ३, फ्रिज ते सिंक सव्वासहा, म्हणजे साडेतेराच्या आसपास. एक बाजू ४ च्या खाली आहे पण काही अडत नाही, फ्रिज समोर आहे, नुसतं वळायचं. समोरही २ फुटी ओटा केला असता तर मध्ये ३ फूटच उरले असते, आणि एकीने ट्रॉली ओढली की दुसरीने बाहेर उभं राहायचं.

आपल्या स्वयंपाकात खरं जपायचं ते सिंक आणि गॅसमधले ते २ फूट. भाजी धुतली, तिथेच चिरली, तिथून कढईत. ही जागा कमी पडली की ताट सिंकच्या काठावर टेकवावं लागतं आणि फोडणीत पाणी उडतं. आणि ट्रँगलचा नियम एकटीच स्वयंपाक करतेय असं धरून केलाय, आमच्याकडे सकाळी ८ ला मावशी सिंकवर भांडी घासतात तेव्हाच माझ्या पोळ्या चालू असतात. म्हणून पोळपाट सिंककडे नाही, पलीकडे. फ्रिजही मुद्दाम दाराजवळ, पाण्याची बाटली घ्यायला पोरं आत घुसत नाहीत.

सिंक मात्र हलवू नका. सांडपाण्याचा पाइप जिथे आहे तिथेच ठेवा, लांब नेला की उतार मिळत नाही, सारखं तुंबतं. सिंक पक्कं धरून गॅस आणि फ्रिज हलवून बघा, ग्रॅनाइट कापायच्या आधी जमिनीवर खडूने आखून फ्रिजचं दार उघडल्यावर मागे उभं राहता येतं का तेवढं तपासा.