पगार वेगळ्या खात्यात घे

अगं, नोकरी पुन्हा सुरू होतेय, तर पगार घरच्या जॉइंट खात्यात घेऊ नकोस. बर्डीवरच्या एखाद्या बँकेत फक्त तुझ्या नावाचं खातं काढ.

कारण कराचं आहे. तुझ्या यजमानांनी दिलेले १ लाख तू तुझ्या नावे ७ टक्क्यांच्या एफडीत टाकलेस, तरी वर्षाचं ७,००० रुपये व्याज कायद्याने त्यांच्याच उत्पन्नात धरलं जातं. तुझ्या पगारातून केलेल्या एफडीचं व्याज मात्र तुझं. दोन्ही पैसे एकाच खात्यात मिसळले, की कुठला कुणाचा हे दाखवताना नाकी नऊ येतात.

त्यांनी दिलेले पैसे तुझ्या पीपीएफमध्ये टाक. तिथलं व्याज करमुक्त, त्यामुळे त्यांचाही कर वाढत नाही. वर्षाला कमाल दीड लाख भरता येतात, पण खातं १५ वर्षांचं असतं. म्हणून अडीअडचणीची रक्कम आधी बाजूला काढ.

त्याआधी पॅन आणि आधारवरचं नाव जुळतं का बघ. एकावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं असलं की म्युच्युअल फंडाचं केवायसी अडकतं. आणि नॉमिनी स्वतः ठरवून भर, नाहीतर घरात सगळेच सुचवत बसतात!