दोघांचं पुस्तक आणि शेवटचं प्रूफ

प्रश्न: मित्रासोबत पुस्तक लिहितोय. आधी नाव कोणाचं, रॉयल्टी किती-किती आणि शेवटचा शब्द कोणाचा, यावर जमत नाहीये. प्रकाशक म्हणतात तुमचं तुम्ही ठरवा. काय करावं?

आधी शेवटचं प्रूफ कोण वाचणार ते ठरवा. नाव आणि पैसे नंतर. माझं पुस्तक प्रुफातच माझ्या हातून गेलं.

सातारा जिल्ह्यातल्या मोटेच्या विहिरींवर आम्ही दोघांनी पुस्तक केलं. साडेतीन वर्षं गावोगाव मी हिंडले, विहिरीत उतरून टेपनं मापं घेतली, मोट हाकलेल्या म्हाताऱ्यांचं बोलणं उतरवून आणलं. सर कॉलेजात मराठी शिकवायचे. माझ्या वह्यांवरून प्रकरणं त्यांनी लिहिली.

प्रकाशकाकडे मेल त्यांचा होता, म्हणून शेवटचं प्रूफ त्यांच्याकडेच गेलं. मला न विचारता त्यांनी बोलीतले शब्द 'प्रमाण' केले. मोटेचं पाणी जिथं पडतं ते थारोळं सगळीकडे 'जलकुंड' झालं. बैल ज्या उतारावरून मागेपुढे होतात ती धाव 'उतार' झाली, तीही फाइलमध्ये एका फटक्यात. छापील प्रत हातात आली तर ६४व्या पानावर 'बांउतारर'. दोनदा वाचलं तेव्हा उमगलं, 'बांधावर'मधला 'धाव' बदलला गेला होता. पुढे 'ती उतार लांब होती' असंही छापलंय, कारण शब्द बदलला पण लिंग तसंच राहिलं. ज्या आजोबांनी ८१व्या वर्षी मला धाव चालून दाखवली, त्यांच्या तोंडी पुस्तकात 'जलकुंड' आहे. त्यांना प्रत नेऊन द्यायला माझे पाय अजून उचलत नाहीत.

म्हणून लेखी घ्या: पानं लागल्यावर पीडीएफ दोघांना एकाच वेळी जाईल आणि दोघांनी होकार कळवल्याशिवाय छपाई सुरू होणार नाही. शेवटचा शब्दही सरसकट एकाला देऊ नका, वाटून घ्या. मापं, गावांची नावं, लोकांचे शब्द ज्यानं गोळा केले त्याचे. वाक्याची घडण लिहिणाऱ्याची. अडलंच तर कोणाला विचारायचं ते तिसरं नाव, तुम्ही गोडीत आहात तोवरच करारात घाला.

आता पैसे. आमच्या पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये, प्रती १,०००, रॉयल्टी छापील किमतीच्या १० टक्के. म्हणजे सगळी आवृत्ती खपली तर ३०,००० रुपये. निम्मे-निम्मे केले तर प्रत्येकी १५,०००. सरांनी ६० टक्के मागितले, मी दिले. फरक फक्त ३,००० रुपयांचा, आणि माझा जीपभाड्याचा खर्चच त्याच्या कितीतरी पट होता. पण पुढे प्रुफावरून बोलणं झालं तेव्हा ते म्हणाले, "मोठा वाटा माझा आहे, तर निर्णयही माझाच." मी गप्प बसले. तेव्हा वाटा आणि मजकुरावरचा हक्क वेगळे, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. हिंडण्याचा खर्च आधी वजा करा आणि उरलेलं वाटून घ्या. प्रकाशकांना प्रत्येकाचे पैसे ज्याच्या त्याच्या पॅनवर द्यायला सांगा. नाहीतर सगळी रक्कम एकाच्याच उत्पन्नात दिसते.

नावाबद्दल माझं मत ठाम आहे. ज्याच्या कामाशिवाय पुस्तक उभंच राहिलं नसतं, त्याचं नाव आधी. सर म्हणायचे, वाक्यं माझी आहेत. वाक्यं दुसऱ्या कोणीही लिहिली असती. त्या विहिरींपैकी दोन आता बुजवल्या आहेत, त्यांची मापं फक्त माझ्या वहीत आहेत. एकमत होत नसेल तर आडनावाच्या अकारविल्हे क्रमानं लावा आणि तसं आतल्या पानावर छापा, म्हणजे पहिलं नाव म्हणजे मोठा लेखक असं कोणी समजणार नाही. दर आवृत्तीला क्रम उलटा करू नका, ग्रंथालयाच्या नोंदींत घोळ होतो.

हे सगळं माहितीपर पुस्तकाचं. कादंबरीत एकाच वाक्यावर दोघांचा हात असतो, तिथं अशी वाटणी जमणार नाही. आणि तुमची प्रकरणं वेगवेगळी, ज्याची त्यानं लिहिलेली असतील, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ते संयुक्त लेखन ठरत नाही. ज्याचं प्रकरण त्याचा हक्क. लेखन खरोखर एकत्र असेल तर मात्र एकट्याला दुसऱ्याच्या संमतीवाचून छपाईचा हक्क देता येत नाही.

आमचा प्रकाशकांशी करार पहिल्या आवृत्तीपुरताच होता. दुसऱ्या आवृत्तीचा कागद गेल्या महिन्यात आलाय, त्यावर सरांची सही आहे. थारोळं आणि धाव जागेवर आल्याशिवाय माझी होणार नाही.