रिंग लावलेलं बोकड ताठलंय

प्रश्न: मुरबाडला शेळ्या आहेत. तीन महिन्यांचं बोकड रबरी रिंग लावून खच्ची केलं, बारा दिवस झाले. कालपासून लाकडासारखं ताठ चालतंय, तोंड उघडत नाही, पोट फुगलंय. तेल पाजू का? टीटी त्याच दिवशी दिलं होतं.

तेल अजिबात पाजू नका दादा. जबडा आवळलेल्या जनावराला गिळता येत नाही. पाजलेलं तेल फुप्फुसात उतरतं आणि बोकड त्यानेच जातं.

लक्षणं धनुर्वाताची वाटतात. ढेकर देता येत नाही म्हणून पोट फुगतं, चाऱ्यामुळे नाही. खात्रीसाठी डोळे बघा. जवळ टाळी वाजवली की आतल्या कोपऱ्यातून पांढुरकी तिसरी पापणी झर्रकन डोळ्यावर येते. कान ताठ, शेपूट उचललेली, आणि सुरुवातीला ताप बहुधा नसतो. आंत्रविषारात असं हळूहळू ताठणं दिसत नाही, करडू बहुतेक वेळा अचानक मरतं.

रिंगखालचं मांस रक्ताविना मरतं. धनुर्वाताच्या जंतूला हवा नको असते, त्यामुळे मातीतून, शेणातून आलेले बीजाणू तिथे रुजतात आणि विष तयार करतात. लक्षणं साधारण तीन दिवस ते तीन आठवड्यांत दिसतात, तुमचे बारा दिवस त्यात बसतात. बर्डिझो चिमट्याने कातडी फाटत नाही, म्हणून तिथे धोका बराच कमी.

टीटीमुळे शरीर स्वतः प्रतिकारशक्ती तयार करतं. त्याला दोनेक आठवडे लागतात आणि पहिल्या डोसनंतर ती कमकुवतच असते. रिंगच्या दिवशी लागतं ते एटीएस, म्हणजे तयार प्रतिविष. ते लगेच काम करतं, पण दोन-तीन आठवडेच टिकतं. दोन्ही एकाच दिवशी द्यायची, पण वेगवेगळ्या जागी.

आता डॉक्टरांना गोठ्यावरच बोलवा. टेम्पोच्या हादऱ्यांनी झटके वाढतात. ते रिंग आणि सडलेला भाग काढतील, जखम उघडी ठेवतील, पेनिसिलिन, एटीएस आणि झोपेचं औषध देतील. पोट फार फुगलं तर वायू काढतील. तोवर अंधारी, शांत जागा आणि जाड पेंढा. एटीएस फक्त मोकळं विष बांधतं, नसांत शिरलेलं नाही. त्यामुळे आडवं पडून ताठलेलं बोकड सहसा वाचत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हा रोग एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. पण त्याच दिवशी रिंग लावलेली इतर बोकडं असतील तर त्यांना आजच एटीएस द्या. शेळी अडली आणि हात घालून करडू काढावं लागलं, किंवा वार अडकली, तर तिलाही तेच लागू, कारण जखम गर्भाशयात असते आणि बाहेरून काही दिसत नाही. करडाची नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा, राख-शेण लावू नका.

गाभण शेळीला विण्याआधी चार-सहा आठवडे टीटीचा बूस्टर द्या. मात्र पहिल्यांदाच देत असाल तर चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन डोस हवेत. करडांनी चीक वेळेवर प्यायला, तर ते संरक्षण त्यांनाही पहिले काही आठवडे मिळतं.