पाच जणांच्या टीमसाठी बोर्ड की शेअर्ड शीट, मेमो कसा लिहू?

प्रश्न: आमची टीम पाच जणांची आहे. सरांना कुठलंतरी प्रोजेक्ट बोर्डचं टूल घ्यायचंय, मला वाटतं एक शेअर्ड शीट पुरेल. ते म्हणाले, लेखी दे. कोणी असा मेमो लिहिलाय का? काय मांडलं की पटतं?

उत्तर: लिहिलाय, मागच्या वर्षी, आणि मान्य पण झाला. आमचं नाशिकला छतावर सोलर बसवायचं काम आहे. सर, मी ऑफिसला, अकाउंटच्या ताई आणि साइटवर दोघं, झाले पाच.

पहिला मसुदा मी पैशावर लिहिला होता, की बोर्डाला दर माणशी दर महिना पैसे लागतात आणि शीट फुकट. तो फाडला ते बरं झालं. कारण सर एका वाक्यात म्हणाले असते "मग फुकटवाला प्लॅन घे", आणि बऱ्याच बोर्डांचा फुकट प्लॅन पाच जणांना पुरतो सुद्धा, मग माझ्याकडे बोलायला काही उरलंच नसतं.

खरा मुद्दा वेगळा आहे आणि तो तुमच्या कामाला लागू होतो का ते आधी बघा. बोर्डावर एक कार्ड एका वेळी एकाच कॉलममध्ये उभं राहू शकतं. 'करायचंय', 'चालू', 'झालं', किंवा तुम्ही ठेवाल ती नावं, पण जागा एकच. जिथे काम एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरळ पुढे सरकतं तिथे हे झकास चालतं. आमच्याकडे तसं नसतं. गंगापूर रोडच्या एका ३ किलोवॅटच्या गिऱ्हाइकाचं उदाहरण घ्या. सूर्यघर योजनेच्या पोर्टलवरचा अर्ज मंजूर झालेला, बँकेचं लोन अडकलेलं, स्ट्रक्चर फॅब्रिकेटरकडे अर्धं वेल्डिंग होऊन पडलेलं, आणि इन्व्हर्टर आमच्या गोडाऊनला येऊन बसलेला. आता हे कार्ड कुठल्या कॉलमात ठेवायचं सांगा? आम्ही दीड महिना एक बोर्ड वापरून बघितलं होतं, तेव्हा ह्यावर उपाय म्हणून प्रत्येक कार्डाच्या आत टिक करायची यादी बनवली, म्हणजे सगळी खरी माहिती कार्डाच्या पोटात गेली आणि बोर्डावर नुसतं 'चालू' नावाच्या कॉलमात २३ कार्डांची लांबच लांब रांग दिसायला लागली. बोर्ड घेतात कशाला, तर एका नजरेत दिसावं म्हणून, आणि नेमकं तेच गेलं.

मग महिन्याच्या २८ तारखेला सरांनी विचारलं की पॅनल बसवून झालेत पण मीटर लागला नाही अशी कामं किती आणि त्यात आपला पैसा किती अडकलाय. आमचा शेवटचा १० टक्के हप्ता मीटर लागल्यावर येतो, त्यामुळे हा प्रश्न काय अधूनमधूनचा नाही, पगाराच्या आधी दर महिन्याला येतोच. मी आणि ताई २३ कार्डं एकेक करून उघडत बसलो, तासभर गेला. उत्तर निघालं ७ कामं, सगळी ३ किलोवॅटच्या आसपासची, प्रत्येकी साधारण १९ हजार, म्हणजे १ लाख ३३ हजार. आणि हे आकडे शेवटी बोर्डावरून आलेच नाहीत, ताईंच्या जुन्या हिशोबाच्या शीटमधून आले, कारण पैसे त्या तिथेच लिहीत होत्या. म्हणजे दोन वह्या झाल्या, आणि दोन वह्या झाल्या की एक शिळी होते, आमचं बोर्ड शिळं झालं.

मेमोत मी हाच प्रसंग लिहिला, बाकी फार काही नाही. तुम्ही पण सरांचा असा एक प्रश्न शोधा जो ते खरोखर विचारतात, आणि त्याचं उत्तर दोन्हीकडे काढायला किती वेळ लागतो ते मोजून लिहा. साहेब लोकांना फीचरची तुलना वाचायचा कंटाळा येतो, स्वतःचा प्रश्न दिसला की वाचतात.

गूगल शीट कशी ठेवली ते पण लिहिलं, कारण 'शीट' म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यासमोर वेगळंच काहीतरी येतं. एका गिऱ्हाइकाची एक ओळ, आणि प्रत्येक टप्प्याचा एक कॉलम, आणि त्या कॉलमात टिक नाही, 'झालं' नाही, फक्त तारीख. टिक मारली तर झालं एवढंच कळतं, तारीख लिहिली तर कधी झालं ते कळतं आणि मधे किती दिवस गेले ते शीट स्वतः मोजते. समजा टॅबचं नाव 'कामं', H मध्ये पॅनल बसल्याची तारीख, I मध्ये मीटर लागल्याची, J मध्ये बाकी रक्कम, तर ओळीत हे टाकायचं:

```
=IF(AND(H2<>"",I2=""),TODAY()-H2,"")
```

मीटरसाठी किती दिवस झाले ते दिसतं, मीटरची तारीख टाकली की आकडा आपोआप गायब. आणि सरांच्या २८ तारखेच्या प्रश्नातला अडकलेला पैसा एका सेलमध्ये (हा सेल दुसऱ्या टॅबवर ठेवा, कामांच्या ओळींत नको):

```
=SUMIFS('कामं'!J2:J,'कामं'!H2:H,"<>",'कामं'!I2:I,"")
```

एवढंच. ह्यापेक्षा जास्त फॉर्म्युले मी मुद्दाम टाकले नाहीत, कारण मी रजेवर असताना कोणी हात लावला तर दुरुस्त कोण करणार.

आता महत्त्वाचं. मेमोत शीटचे तोटे तुम्ही स्वतः लिहा, नाहीतर सर लिहितील. दोन गोष्टींनी आम्हाला खरंच रडवलंय.

एक म्हणजे तारखा. शीटचं Locale अमेरिकेचं राहिलं असेल तर तुम्ही ५ मार्च म्हणून 5/3 टाकता आणि शीट त्याला ३ मे समजते, काही बोलत नाही, गुपचूप चुकीचं मोजते. आणि 13/3 टाकलं तर तेरावा महिना नसतो म्हणून ती तारीखच धरत नाही, साधा मजकूर धरते. ओळखायची खूण सोपी आहे, खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे, अर्थात कोणी हाताने अलाइनमेंट बदललं नसेल तर. कॉलममध्ये अर्ध्या तारखा डावीकडे आणि अर्ध्या उजवीकडे दिसल्या की समजायचं घोळ झालाय, आणि लक्षात ठेवा, उजवीकडच्या जास्त धोकादायक कारण त्या बरोबर असल्यासारख्या दिसतात. पहिल्या दिवशीच File > Settings मध्ये Locale भारत करा, आणि तारखेच्या कॉलमांना Data validation लावून फक्त खरी तारीखच घेईल असं करा. Locale नंतर बदललं तर आधी चुकीच्या समजलेल्या तारखा आपोआप सुधारत नाहीत, त्या हाताने बघाव्या लागतात. आम्ही बघितल्यात, एक अख्खी दुपार.

दुसरं सॉर्ट. साइटवरच्या एकाने फक्त नावांचा कॉलम सिलेक्ट करून Sort range मारलं. नावं अआइई प्रमाणे लागली आणि बाकीचे कॉलम जागच्या जागी राहिले, म्हणजे प्रत्येक माणसाला दुसऱ्याचं मीटर आणि दुसऱ्याची बाकी. लक्षात आलं ते ताईंनी एका काकांना फोन केला तेव्हा, ते म्हणाले "अहो माझे सगळे पैसे देऊन झालेत". त्यावर File > Version history मधून आदल्या दिवशीची प्रत परत आणली, मधल्या चार-पाच नोंदी पुन्हा टाकल्या. तेव्हापासून नियम असा की ज्याला आपल्यापुरतं बघायचंय त्याने Data मधून filter view बनवायचा, त्यात काहीही सॉर्ट करा, फिल्टर करा, दुसऱ्याच्या स्क्रीनवर काही हलत नाही. आणि नाव, किलोवॅट, रक्कम हे कॉलम आम्ही प्रोटेक्ट करून ठेवलेत, ते फक्त मी आणि ताई बदलू शकतो.

बोर्ड ज्यात खरंच चांगलं आहे ते पण कबूल करून टाका. साइटवरचे फोटो आणि त्यावरचं बोलणं कार्डाला चिकटून राहतं, शीटमध्ये ते तितकं नीट जमत नाही, आम्ही ड्राइव्हवर फोल्डर करून लिंक टाकतो आणि ते जरा जुगाडच आहे. फोनवर बारा कॉलमची शीट भरणं पण शिक्षा आहे, उन्हात छतावर उभं राहून तर विचारूच नका. म्हणून आमचे साइटवाले शीटमध्ये लिहितच नाहीत, व्हॉट्सॅप ग्रुपवर फोटो टाकतात, आणि संध्याकाळी सहा वाजता मी नोंद करते. पाच जणांत हे जमतं.

मी दिलेला मेमो असा होता, थोडा कापून देते:

"सर, आपल्या प्रत्येक कामात अर्ज, लोन, स्ट्रक्चर आणि माल हे एकाच वेळी चालतात. बोर्डावर कार्ड एकाच टप्प्यात दाखवता येतं, त्यामुळे काम कुठे अडकलंय ते दिसत नाही. मागच्या महिन्यात अडकलेली रक्कम काढायला दोघींना एक तास लागला. तारखांची एकच शीट ठेवली तर हा आकडा रोज समोर राहील आणि ताईंची वेगळी नोंद बंद होईल. तोटे: फोटो शीटमध्ये राहणार नाहीत, आणि रोज संध्याकाळी वीस मिनिटं नोंदीला द्यावी लागतील, ती मी देईन. तीन महिने वापरून बघू. रोज शीटमध्ये लिहिणारी माणसं सहाच्या वर गेली, किंवा एका महिन्यात दोनदा जुनी प्रत परत आणावी लागली, तर बोर्डाचा विचार पुन्हा करू."

सरांनी एकच प्रश्न विचारला, सबसिडीचं काय. बरोबरच होतं, कारण ३ किलोवॅट आणि त्यावरच्या घरगुती सिस्टिमला ७८ हजार मिळतात, ते थेट गिऱ्हाइकाच्या खात्यात जातात, आपल्याकडे येत नाहीत, पण "आले का, आले का" म्हणून फोन मात्र आपल्यालाच येतात. त्यावर मी अजून एक तारखेचा कॉलम वाढवला आणि तीच प्रिंट सहीला परत नेली.